पेट्रोल पाण्याआधी का उडतं: तीन झाकणं, एक काटा आणि नागपूरची हवा

पेट्रोल हलकं असतं म्हणून लवकर उडतं, असं उत्तर सहसा मिळतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण रॉकेलही पाण्यावर तरंगतं, म्हणजे तेही पाण्यापेक्षा हलकं, आणि तरी ते पाण्याच्या कितीतरी मागून उडतं. घनतेवरून बाष्पीभवनाचा वेग कळत नाही. तो कळतो बाष्पदाबावरून, आणि पेट्रोलच्या बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही, कारण पेट्रोल हा एक द्रव नसून शेकडो द्रवांचं मिश्रण आहे. साध्या काट्यावर हे सगळं तोलून बघता येतं. आधी प्रयोग, मग त्याचं कारण, आणि त्यानंतर डब्यात साठवलेल्या इंधनाचं नागपूरच्या उन्हाळ्यात काय होतं ते पाहू.

प्रयोगाची तयारी

हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा, मे महिन्यात नको. जागा उघडी आणि सावलीतली हवी: अंगण, किंवा चारही बाजूंनी वारा खेळणारी गच्ची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि जिन्यावरून खाली उतरते, म्हणून जिन्याच्या तोंडाशी बसू नका. गीझर, कूलरची मोटर, देवघरातला दिवा, कुणाची विडी यातलं काहीही जवळपास नको. मुलांना हा प्रयोग दुरून दाखवा, करायचा मोठ्यांनीच.

प्रमाण प्रत्येकी दहा ग्रॅमच ठेवा. दहा ग्रॅम पेट्रोल पूर्ण उडालं तर साधारण अडीच लिटर वाफ होते. हवेत १.४ टक्के पेट्रोलची वाफ असली तरी ठिणगीने पेट घेते, म्हणजे एवढ्याशा पेट्रोलमधून जवळपास १८० लिटर पेटती हवा तयार होऊ शकते. उघड्यावर ती विरून जाते. बंद न्हाणीघरात ती तशीच राहते.

एकाच मापाची स्टीलच्या डब्याची तीन झाकणं घ्या, आठ-नऊ सेंटिमीटर व्यासाची आणि तळ सपाट असलेली. चौथं रिकामं झाकण काटा सरकतोय का ते तपासायला ठेवा. थर्माकोल किंवा पातळ प्लास्टिक वापरू नका. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो, प्लास्टिक मऊ पडतं. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमपर्यंतच वाचतो, तो इथे अपुरा आहे. ०.०१ ग्रॅम वाचणारा बॅटरीवरचा छोटा काटा हवा. पेट्रोल आणण्याआधीच तो चालू करून शून्यावर घ्या, नंतर त्याची बटणं दाबत बसू नका.

पेट्रोल गाडीच्या टाकीतून पिचकारीने काढा, तोंडाने नळी ओढू नका. कार्ब्युरेटरच्या वाटीत साचलेलं पेट्रोल चालणार नाही, कारण त्यातला महत्त्वाचा भाग आधीच उडून गेलेला असतो. हा भाग कोणता, ते पुढे येईलच. रॉकेल निळं किंवा पांढरं, कोणतंही चालेल. पाणी नळाचं घ्या, पण तिन्ही द्रव तासभर एकाच सावलीत ठेवून एका तापमानाला येऊ द्या.

तोलायचं कसं

रिकाम्या झाकणांची वजनं लिहून ठेवा. प्रत्येकात दहा ग्रॅम द्रव ओता आणि वेळ टिपा. झाकणं एकमेकांपासून हातभर लांब ठेवा. दर पाच मिनिटांनी प्रत्येक झाकण उचलून काट्यावर ठेवा, आकडा स्थिरावला की वाचा आणि परत जागेवर ठेवा. वाऱ्याने आकडा नाचतो. म्हणून काट्याभोवती खोका ठेवायचा मोह होईल, पण खोक्यात वाफ साचते. त्यापेक्षा वारा थांबण्याची वाट बघा. रिकाम्या झाकणाचं वजन मध्येच बदललेलं दिसलं तर तेवढा फरक सगळ्या आकड्यांतून वजा करा.

किती वजन घटेल ते वाऱ्यावर आणि तापमानावर ठरतं, पण क्रम बदलत नाही. पाण्याचं वजन संथ, जवळपास एकसारख्या चालीने कमी होतं. रॉकेलचा आकडा तासाभरातही जेमतेम हलतो. पेट्रोलचं झाकण पहिल्या पाच मिनिटांत सर्वांत जास्त वजन गमावतं, पुढच्या पाच मिनिटांत त्याहून कमी, त्यापुढे आणखी कमी. बोट लावून बघा, झाकणाचा तळ बाहेरून गार लागेल. कागदावर वेळ आणि वजन यांचा आलेख काढला तर पाण्याची रेघ सरळ येते आणि पेट्रोलची आधी तीव्र उतरून मग आडवी होत जाते. या वळणातच पेट्रोलचं सगळं गुपित आहे.

बाष्पदाब म्हणजे काय

बंद बरणीत थोडा द्रव ठेवला की पृष्ठभागावरचे रेणू सुटून वर जातात आणि वरचे काही रेणू परत द्रवात पडतात. थोड्या वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात. त्या अवस्थेत वाफ जो दाब देते तो त्या द्रवाचा त्या तापमानाचा बाष्पदाब. द्रव चमचाभर आहे की अर्धी बरणी, यावर तो ठरत नाही. थोडा द्रव शिल्लक असला की पुरे.

हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल असतो. २५ अंशाला पाण्याचा बाष्पदाब ३.२ किलोपास्कल आहे. त्याच तापमानाला पेंटेनचा ६८, हेक्झेनचा २०, हेप्टेनचा ६, ऑक्टेनचा १.९, डेकेनचा ०.१८ आणि डोडेकेनचा ०.०१८. ही सगळी कार्बनच्या साखळीची संयुगं आहेत: पेंटेनमध्ये पाच कार्बन, ऑक्टेनमध्ये आठ, डोडेकेनमध्ये बारा. साखळी जितकी लांब, तितका शेजारच्या रेणूंना चिकटायला जास्त पृष्ठभाग, म्हणून सुटणं तितकं अवघड. पेट्रोलमध्ये साधारण चार ते बारा कार्बनच्या साखळ्या असतात, रॉकेलमध्ये दहा ते सोळाच्या आसपास. रॉकेल मागे का पडतं त्याचा उलगडा इथेच होतो.

पाण्याचा रेणू या सगळ्यांहून लहान आहे. फक्त आकार बघितला तर पाणी खोलीच्या तापमानाला वायूच असायला हवं. ते द्रव राहतं कारण त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. एक ग्रॅम पाणी उडवायला सुमारे २४४० ज्यूल उष्णता लागते, एक ग्रॅम पेट्रोलला ढोबळमानाने ३५०.

वरच्या आकड्यांत ऑक्टेनकडे पुन्हा बघा. पेट्रोल म्हटलं की ऑक्टेन आठवतं, पण शुद्ध ऑक्टेनचा बाष्पदाब पाण्यापेक्षा कमी आहे. म्हणजे पेट्रोलमधला प्रत्येक घटक काही पाण्याच्या पुढे धावत नाही. पुढे धावतात ते चार-पाच-सहा कार्बनचे हलके घटक, आणि झाकणातून आधी तेच जातात.

मिश्रणातून आधी कोण उडतं

एक सोपं मिश्रण घेऊन हिशेब करू. शंभर रेणूंपैकी वीस पेंटेनचे आणि ऐंशी ऑक्टेनचे आहेत असं समजा. राउल्टच्या नियमानुसार प्रत्येक घटक आपल्या वाट्याइतकाच दाब देतो. पेंटेनचा वाटा ६८ चा एक पंचमांश म्हणजे १३.६ किलोपास्कल. ऑक्टेनचा वाटा १.९ चे चार पंचमांश म्हणजे १.५. एकूण १५.१ किलोपास्कल, आणि त्यातला नव्वद टक्के दाब एकट्या पेंटेनचा. द्रवात वीस टक्के असलेला घटक वाफेत नव्वद टक्के झाला. साहजिकच द्रवातलं पेंटेन भराभर संपतं, उरलेल्या मिश्रणाचा बाष्पदाब घसरतो आणि आलेखाची रेघ आडवी होऊ लागते. पाणी एकाच जातीच्या रेणूंचं असल्यामुळे त्याचा शेवटचा थेंबही पहिल्या थेंबाइतकाच उडायला तयार असतो.

आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब २५ अंशाला ७.९ किलोपास्कलच आहे, पण थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते एकूण बाष्पदाब कमी न करता वाढवतं, कारण पेट्रोलच्या गर्दीत इथेनॉलचे रेणू एकमेकांपासून दूर पडतात आणि त्यांचे हायड्रोजन बंध सुटतात. राउल्टचा साधा हिशेब इथे चुकतो.

पाण्याला हवा अडवते, पेट्रोलला नाही

हाच प्रयोग ऑगस्टमध्ये केला तर पाण्याचं झाकण जवळपास थांबलेलं दिसेल, पेट्रोलचं मात्र पूर्वीसारखंच चालेल. कारण असं की उडण्याचा वेग पृष्ठभागावरचा बाष्पदाब आणि हवेत आधीच असलेली त्याच द्रवाची वाफ यांच्या फरकावर चालतो. नागपूरच्या हवेत पाण्याची वाफ कायम असते, पेट्रोलची नसते.

आकड्यांत बघू. मे महिन्यातली दुपार, ४३ अंश, आर्द्रता १५ टक्के. हवेत पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे १.३ किलोपास्कल. कूलरच्या ओल्या टट्टीवरचं पाणी उडता उडता स्वतःलाच गार करतं आणि २२ अंशांच्या जवळ येऊन थांबतं. तिथे त्याचा बाष्पदाब २.६ असतो. फरक १.३. आता ऑगस्टमधला दिवस, २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. हवेत आधीच ३.२, ओल्या टट्टीवर ३.४ च्या खाली. फरक ०.१५ च्या आसपास, म्हणजे मेच्या जेमतेम एक नवमांश. कूलर मेमध्ये हवा गार करतो आणि पावसाळ्यात फक्त ओल करतो, ते याच फरकामुळे.

पेट्रोलचं झाकणही स्वतःला गार करतं. पावसाळ्यात ते दवबिंदूच्या खाली गेलं की बाहेरून पाण्याचे थेंब जमतात आणि काटा वजन वाढल्याचं सांगतो. असं दिसलं तर तळ पुसून मगच तोला.

बंद डब्यात काय घडतं

बाष्पदाबाची खरी ताकद झाकण बंद असताना कळते. पाच लिटरच्या पत्र्याच्या डब्यात एक लिटर पेट्रोल आहे, वर चार लिटर मोकळी जागा. सकाळी २५ अंशाला झाकण सैल करून पुन्हा घट्ट लावलं. ३८ अंशाला ६० किलोपास्कल बाष्पदाबाचं पेट्रोल धरलं तर २५ अंशाला तो ३७ च्या आसपास येतो. आतला एकूण दाब बाहेरइतकाच १०१, म्हणजे ३७ वाफेचा आणि ६४ हवेचा.

दुपारी डबा ४५ अंशाला पोहोचला. हवा तापून ६४ ची ६८ झाली, फार काही नाही. पेट्रोलचा बाष्पदाब मात्र ३७ चा ७६ झाला. एकूण १४४, बाहेरच्यापेक्षा ४३ किलोपास्कल जास्त. डब्याची एक बाजू वीस सेंटिमीटर लांब-रुंद असेल तर तिच्यावर आतून सुमारे १७५ किलो वजनाइतका जोर पडतो. पत्रा फुगतो आणि जोड उसवतात. याच परिस्थितीत पाण्याच्या डब्यात जादा दाब १३ किलोपास्कल होतो आणि रॉकेलच्या डब्यात सातच्या जवळ, तोही जवळजवळ सगळा हवा तापल्यामुळे.

फुगलेला डबा तिथेच उघडला तर वाफ फसकन तोंडावर येते. आत त्या वेळी सुमारे साडेसात ग्रॅम वाफ असते आणि तिच्यातली तीस टक्के तरी त्याच क्षणी बाहेर पडते. तेवढ्यातून साठेक लिटर पेटती हवा होऊ शकते. म्हणून फुगलेला डबा सावलीत नेऊन गार होऊ द्या. ओलं फडकं टाकलं तर लवकर गार होतो. मग झाकण अर्धा फेरा सैल करून थांबा, आवाज बंद झाल्यावर पूर्ण उघडा. रात्री उलटं होतं: उन्हात उघडून बंद केलेला डबा पहाटे आत दबलेला दिसतो. त्यात डब्याचा दोष नाही, पण अशा रोजच्या फुगण्या-दबण्याने जोड लवकर कमकुवत होतात. डबा काठोकाठ भरणंही वाईट, कारण तापल्यावर द्रवही प्रसरण पावतो आणि त्याला जागा लागते. वरची दहावा भाग जागा रिकामी सोडा.

रॉकेल खरंच सुरक्षित आहे का

ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला तयार होते, तो ज्वलनांक. पेट्रोलचा शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे ते कोणत्याही ऋतूत पेटायला तयार असतं. रॉकेलच्या वाफेला हवेत ०.७ टक्के, म्हणजे सुमारे ०.७ किलोपास्कल दाब पुरतो, आणि तेवढा दाब चाळीस अंशांच्या आगेमागे येतो. भारतीय मानकात रॉकेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश हवा अशी अट आहे. पेट्रोलियमचे अ, ब, क हे कायदेशीर वर्गही ज्वलनांकावरच पडतात: २३ अंशांच्या खालचं पेट्रोल अ वर्गात, २३ ते ६५ मधलं रॉकेल ब वर्गात. हे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय नागपुरातच आहे.

पुण्यात किंवा नाशकात वर्षातले बहुतेक दिवस रॉकेल ज्वलनांकाच्या खाली राहतं. नागपुरात मेमध्ये ४५ अंशाच्या दुपारी उन्हात ठेवलेला रॉकेलचा डबा तो पार करतो, आणि त्या वेळी त्याला पेट्रोलसारखंच वागवायला हवं. सावलीतला माठ ठेवण्याची गार जागा त्यालाही चालते, फक्त चुलीपासून लांब.

इथे एक उलटी गोष्टही लक्षात घ्यायला हवी. पेट्रोलच्या बंद डब्यात २५ अंशालाच वाफ ३७ टक्क्यांच्या आसपास असते, तर ७.६ टक्क्यांच्या वर ती हवेअभावी पेटत नाही. तळाशी चमचाभर उरलेला, झाकण उघडं राहिलेला ‘रिकामा’ डबा मात्र विरळ होत होत नेमका १.४ ते ७.६ च्या पट्ट्यात येतो. असा डबा कापायला किंवा झाळायला देणं सर्वांत धोक्याचं.

त्याच डब्यात रॉकेल भरणं हीही नेहमीची चूक आहे. रॉकेलमध्ये पाच टक्के पेट्रोल मिसळलं तरी २५ अंशाला त्याचा बाष्पदाब दोन किलोपास्कलच्या आसपास जातो, पेटायला लागतो त्याच्या जवळपास तिप्पट. दिसायला आणि ओतायला ते रॉकेलच असतं, पण ते स्टोव्हमध्ये भरलं तर टाकीतली वाफ भडकू शकते. ओळखायचं असेल तर उघड्यावर झाकणात दहा ग्रॅम घेऊन तोला. शुद्ध रॉकेलचा आकडा पंधरा मिनिटांत जवळजवळ हलत नाही. पहिल्या काही मिनिटांतच घट दिसली तर त्यात हलकं काहीतरी आहे. काडी लावून तपासू नका.

जुनं पेट्रोल

हलके घटक उडून गेलेलं पेट्रोल दिसायला तसंच असतं, पण गार इंजिन सुरू होतं ते याच हलक्या घटकांच्या वाफेवर. पावसाळाभर बंद राहिलेला जनरेटर किंवा फवारणीचा पंप दोरी ओढून दमवतो, त्याचं एक मोठं कारण हेच. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं थोडंसं पेट्रोल आधी निकामी होतं, टाकीतलं नंतर. त्यामुळे सुरुवातीला वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून जुनं पेट्रोल काढा आणि टाकीतलं ताजं येऊ द्या. तेवढ्याने चालू झालं तर टाकी रिकामी करायची गरज नाही. वाटीत पिवळसर चिकट थर दिसला तर मात्र जेट साफ करावा लागेल. महिन्याभराहून जास्त बंद ठेवायचं असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी कोरडी होते.

काढलेलं जुनं पेट्रोल आणि झाकणातला उरलेला भाग मोरीत किंवा नालीत ओतू नका. जड वाफ नालीतून शेजारच्या घरापर्यंत जाते. थोडं असेल तर ते गाडीच्या भरलेल्या टाकीत मिसळा, वीस भाग ताज्यात एक भाग जुनं. चिकट किंवा काळपट झालेलं, पाणी मिसळलेलं किंवा रॉकेल पडलेलं पेट्रोल टाकीत घालू नका, धातूच्या वेगळ्या डब्यात ठेवून गॅरेजमध्ये टाकाऊ तेलासोबत द्या.